काल अजून संपलेला नसतो

पुण्यातली एक लहानशी कंपनी डोळ्यांसमोर आणा. नाट्यगृहांची तिकिटं ऑनलाइन विकते. स्वतःचे सर्व्हर नाहीत. सगळा कारभार गूगल क्लाउडच्या भाड्याच्या यंत्रांवर चालतो. तिथे वीजबिलासारखं मीटर पडतं आणि महिन्याचं बिल येतं. बिल फुगू नये म्हणून कंपनीने रोजच्या खर्चाचा एक डॅशबोर्ड करून घेतला आहे. बुधवार, 11 जून 2025. सकाळी दहा वाजता अकाउंट्सच्या मॅडम तो उघडतात. मंगळवारचा खर्च दिसतो 4,300 रुपये. सोमवारचा होता 8,800. खर्च निम्म्यावर आला म्हणून त्या तसा मेलही टाकतात. गुरुवारी सकाळी त्याच पडद्यावर त्याच मंगळवारसमोर 8,700 दिसतात. शुक्रवारी 9,250. पुढच्या सोमवारी 9,040.

कंपनी आणि आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण आकड्यांची चाल अगदी खरी आहे. क्लाउडचं बिल पाहणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी भेटते. मग मॅडम तंत्रज्ञाला फोन करतात, "अहो, मंगळवार तर संपला ना? मग त्याचा खर्च अजून वाढतोय कसा? आणि वाढला तो वाढला, सोमवारी कमी कसा झाला?" तंत्रज्ञ बहुतेक वेळा "डेटा सिंक होतोय" असं काहीतरी म्हणून सुटका करून घेतो. या उत्तराने कोणाचंच समाधान होत नाही आणि होऊही नये, कारण यात चार वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

पहिली गोष्ट इतकी साधी आहे की ती कोणाच्या लक्षातच येत नाही. बुधवारी सकाळी दहाला मंगळवार मुळात संपलेलाच नव्हता. गूगल क्लाउडच्या बिलाचे अहवाल अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळावर, म्हणजे पॅसिफिक वेळेवर चालतात. जूनमध्ये तिथे मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. त्यामुळे बिलाचा 10 जून आपल्या मंगळवारच्या दुपारी साडेबाराला सुरू होतो आणि बुधवारच्या दुपारी साडेबाराला संपतो. मॅडमनी डॅशबोर्ड पाहिला तेव्हा त्या दिवसाचे अडीच तास अजून घडायचे होते. उलट मंगळवारी सकाळी लोकांनी केलेली तिकीट खरेदी या आकड्यात नाहीच. ती सोमवारच्या खात्यावर पडली. बुधवारी पहाटे दोनला चालणारं हिशेबाचं काम मात्र मंगळवारच्या नावावर आहे.

दुसऱ्या कंपन्यांचं घड्याळ वेगळं. अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा, जिला सगळे एडब्ल्यूएस म्हणतात, ती जागतिक प्रमाणवेळेवर, यूटीसीवर दिवस मोजते. तिचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. म्हणजे एखाद्या कंपनीची दोन्हीकडे खाती असतील, तर एकाच पडद्यावर शेजारी शेजारी ठेवलेले "काल"चे दोन खांब वेगवेगळ्या चोवीस तासांचे असतात. त्यातही अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे सरकवतात. त्यामुळे मार्चमधला एक दिवस तेवीस तासांचा होतो आणि नोव्हेंबरमधला एक पंचवीस तासांचा. नोव्हेंबरनंतर गूगलच्या बिलाचा दिवस आपल्याकडे साडेबाराऐवजी दीड वाजता सुरू होतो. तासाला दोनशे रुपये भाडं असलेलं यंत्र अखंड चालू असेल तर रोजचे 4,800 रुपये होतात. मार्चमधल्या त्या एका दिवशी 4,600 दिसतील. कोणी काही बंद केलेलं नसतं, काही बिघडलेलंही नसतं. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण असा खड्डा दिसला की हाडाचा तंत्रज्ञ त्यामागे अर्धा दिवस घालवू शकतो.

घड्याळाचं कोडं सुटलं तरी प्रश्न संपत नाही. बुधवारी दुपारी साडेबारानंतर डॅशबोर्ड उघडला असता तरी पूर्ण आकडा दिसला नसताच. कारण खर्च होणं आणि खर्चाची नोंद बिलात येऊन पडणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यामध्ये बराच प्रवास आहे.

यंत्र चालतं तिथेच, त्या डेटा सेंटरमध्ये, वापराचं मोजमाप होतं. हे मोजमाप प्रत्येक सेवा आपापल्या पद्धतीने करते. आभासी यंत्राचं सोपं असतं: किती सेकंद चालू होतं, एवढाच प्रश्न. साठवणीचं मोजमाप वेगळं: किती माहिती किती वेळ पडून होती, याचा गुणाकार करावा लागतो आणि तो वेळ उलटून गेल्याशिवाय करता येत नाही. नेटवर्कचं सगळ्यात किचकट. डेटा कुठल्या यंत्रातून निघाला, कुठल्या देशात गेला, कुठल्या दराच्या टप्प्यात बसला, हे ठरवायला अनेक ठिकाणची मोजणी एकत्र करावी लागते. हे कच्चं मोजमाप गठ्ठ्या-गठ्ठ्याने पुढे जातं, तासागणिक गोळा होतं, त्यातल्या दुबार नोंदी काढल्या जातात, मग त्यावर दर लावला जातो, सवलत वजा होते आणि शेवटी ती ओळ ग्राहकाच्या बिलाच्या तक्त्यात येते. वाटेत एखादा दुवा रखडला तर गठ्ठा थांबतो आणि नंतर पुन्हा पाठवला जातो. ही व्यवस्था मुद्दामच अशी केलेली असते. नोंद उशिरा आली तरी चालेल, पण हरवता कामा नये, आणि एकाच वापराचे दोनदा पैसेही लागता कामा नयेत.

म्हणून प्रत्येक सेवेच्या नोंदी आपापल्या वेगाने येतात. वेगवेगळ्या सेवा वेगवेगळ्या अंतराने वापर कळवतात, बहुतेक नोंदी दिवसभरात दिसतात पण काहींना चोवीस तासांहून जास्त लागू शकतात, असं गूगल स्वतःच आपल्या दस्तऐवजांत सांगतं. एडब्ल्यूएसचं खर्च पाहण्याचं साधन दर चोवीस तासांत किमान एकदा ताजं होतं. बाजारपेठेतून तिसऱ्याच कंपनीचं सॉफ्टवेअर भाड्याने घेतलं असेल तर त्याचा वापर ती कंपनी कळवते, आणि मग उशीर तिच्या शिस्तीवर अवलंबून.

लग्नातल्या आहेराच्या वहीत हेच होतं. लग्न झालं, मांडव उतरला, पण ज्यांना येता आलं नाही त्यांची पाकिटं आठवडाभर येत राहतात. वही लिहिणारी मावशी ती त्याच लग्नाच्या पानावर लिहिते. पाकीट कोणत्या तारखेला हातात आलं हे पाहून ती नवं पान काढत नाही.

बिलाच्या प्रत्येक नोंदीलाही अशाच दोन तारखा असतात आणि गूगलच्या बाबतीत त्या उघड्या डोळ्यांनी पाहता येतात. ग्राहकाने सांगितलं तर गूगल बिलाचा सगळा तपशील बिगक्वेरी या आपल्या डेटाबेसमध्ये टाकत जातं. त्या तक्त्यात `usage_start_time` हा स्तंभ वापर कधी सुरू झाला ते सांगतो आणि `export_time` हा स्तंभ ती ओळ तक्त्यात कधी घातली गेली ते सांगतो. गूगल जुनी ओळ खोडत नाही. नवीन काही कळलं की नवीन ओळ खाली जोडली जाते. आधीची नोंद जास्त झाली होती असं लक्षात आलं, तर उणे रकमेची ओळ येते. थोडक्यात, मॅडमना हवं असलेलं उत्तर तिथेच पडलेलं असतं, फक्त विचारायला हवं. विचारण्याची पद्धत अशी:

```sql
SELECT DATE(export_time, "Asia/Kolkata") AS nond_aali,
       ROUND(SUM(cost), 2) AS rakkam
FROM `project.dataset.gcp_billing_export_v1_XXXXXX`
WHERE DATE(usage_start_time, "America/Los_Angeles") = "2025-06-10"
GROUP BY nond_aali
ORDER BY nond_aali
```

अर्थ असा की, पॅसिफिक घड्याळाप्रमाणे 10 जूनला झालेल्या वापराच्या सगळ्या ओळी घे, आणि त्या आपल्याकडच्या कोणत्या तारखेला आल्या त्याप्रमाणे त्यांची बेरीज दाखव. सवलती वेगळ्या स्तंभात असतात, त्या इथे धरलेल्या नाहीत. आपल्या तिकीटवाल्या कंपनीसाठी याचं उत्तर असं येईल. मंगळवारी, 10 जूनलाच, दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत 1,400 रुपयांच्या नोंदी आल्या. बुधवारी दिवसभरात 6,900 रुपयांच्या. गुरुवारी 800 रुपयांच्या, शुक्रवारी पहाटे 150 रुपयांच्या, आणि रविवारी, 15 तारखेला, उणे 210 रुपयांची एक ओळ. सगळ्याची बेरीज 9,040.

आता मागे जाऊन मॅडमनी पाहिलेले आकडे एकेक करून उलगडता येतात. बुधवारी सकाळी दिसलेल्या 4,300 पैकी 3,200 यंत्रांच्या भाड्याचे होते, म्हणजे सोळा तासांचंच भाडं आलेलं होतं. साठवणीचा एक पैसाही आलेला नव्हता. नेटवर्कचे फक्त 250 होते. गुरुवारी सकाळी यंत्रांचे 4,800 पूर्ण झाले, साठवणीचे 640 आले, डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांचे 1,900 पूर्ण झाले, पण नेटवर्कचे अजून 1,360 च होते. शुक्रवारपर्यंत नेटवर्क 1,910 वर गेलं. रविवारी आलेली उणे ओळही नेटवर्कचीच. कुठलीतरी मोजणी दोनदा धरली गेली होती ती निस्तरली. म्हणजे आकडा मनमानी करत नव्हता. प्रत्येक सेवेचा भाग आपल्या वेळी येऊन बसत होता, आणि सगळ्यात मागे राहणारी सेवा कोणती हे आता कंपनीला ठाऊक झालं.

एकाच दिवसाच्या तपासावर मी फार विसंबणार नाही. पण हाच प्रश्न मागच्या महिन्यातल्या प्रत्येक दिवसासाठी विचारला की आपल्या खात्याचा स्वभाव कळतो. या उदाहरणात बुधवारी सकाळी अंतिम रकमेच्या जेमतेम 48 टक्के नोंदी आल्या होत्या, गुरुवारी सकाळी 96 टक्के, आणि शुक्रवारी 102 टक्के, कारण उणे ओळ तेव्हा यायची होती. महिनाभर हेच प्रमाण साधारण टिकत असेल, तर "दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा अर्धाच असतो, तिसऱ्या दिवसापासून त्यावर बोलता येतं" असं या कंपनीला ठामपणे म्हणता येईल. दुसऱ्या कंपनीचं प्रमाण वेगळं निघेल. ज्यांचा खर्च मुख्यतः यंत्रांच्या भाड्याचा आहे त्यांचा आकडा लवकर बसतो. ज्यांचा नेटवर्कचा किंवा तिसऱ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचा, त्यांचा उशिरा. इंटरनेटवर वाचलेला कुणाचा तरी अनुभव इथे चालत नाही.

मॅडमच्या त्या मेलमधली खरी चूक यातून स्पष्ट होते. त्यांनी मंगळवारचा अर्धवट आकडा सोमवारच्या जवळजवळ पूर्ण झालेल्या आकड्याशी ताडून पाहिला. अशा तुलनेत शेवटचा दिवस नेहमीच स्वस्त दिसणार. रोजच्या खर्चाच्या आलेखात सगळ्यात उजवीकडचा खांब कायम बुटका असतो, आणि रोज कोणीतरी त्याला बचत समजतं. तुलना करायचीच असेल तर समवयस्क आकड्यांची करावी: मंगळवारचा बुधवारी सकाळी दहाचा आकडा, सोमवारच्या मंगळवारी सकाळी दहाच्या आकड्याशी. त्यासाठी रोज दहा वाजताचा आकडा वेगळा जपून ठेवावा लागतो, किंवा `export_time` वर मर्यादा घालून "त्या क्षणी काय दिसलं असतं" ते पुन्हा काढावं लागतं. सोमवारचा आकडा मंगळवारी दहा वाजता 4,200 निघाला, तर मंगळवार सोमवारपेक्षा किंचित महागच पडतोय हे बुधवारी सकाळीच कळलं असतं.

इथपर्यंतची गोष्ट बिल देणाऱ्या कंपनीच्या घरातली झाली. पण मॅडम जो पडदा पाहतात तो गूगलचा नसतो, कंपनीने स्वतः बांधलेला असतो, आणि त्याच्या आत आणखी एक घड्याळ टिकटिकत असतं. लुकर स्टुडिओमध्ये बिगक्वेरीवर अहवाल बांधला तर तो प्रत्येक वेळी मूळ तक्त्याला विचारत नाही. एकदा विचारलेलं उत्तर तो जपून ठेवतो, आणि बदल केला नसेल तर ते उत्तर बारा तासांपर्यंत वापरतो. पॉवर बीआयच्या साध्या प्रो परवान्यात डेटा आयात केला असेल तर दिवसातून जास्तीत जास्त आठ वेळा ठरलेल्या वेळी ताजा करता येतो. त्यामुळे डॅशबोर्ड बंद करून पुन्हा उघडल्यावर आकडा बदलला, याचा अर्थ त्याच मिनिटाला काही घडलं असा होत नाही. नोंदी कदाचित सहा तासांपूर्वीच आलेल्या असतात. त्यांची नवी प्रत फक्त आता आपल्यासमोर आली. एकाच बैठकीत दोन जण दोन लॅपटॉपवर दोन आकडे वाचून दाखवतात आणि दोघंही खरं बोलत असतात, हे याचमुळे.

डॅशबोर्डच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा "शेवटचं ताजं केलं: 10:05" असं लिहिलेलं असतं. ही ओळ मला धोक्याची वाटते. ती एवढंच सांगते की दहा वाजून पाच मिनिटांनी प्रत काढली. प्रत काढली तेव्हा मूळ वही पूर्ण लिहून झाली होती का, यावर ती गप्प आहे. वाचणारा मात्र दहा वाजेपर्यंतचा सगळा खर्च यात आहे असं समजतो. त्या ओळीशेजारी आणखी दोन वेळा लिहिल्या पाहिजेत: मूळ तक्त्यातली सगळ्यात ताजी `export_time`, आणि प्रत्येक सेवेची सगळ्यात ताजी वापराची वेळ. नेटवर्कची नोंद सोमवार संध्याकाळपर्यंतच आली आहे असं पडद्यावरच दिसलं, तर मंगळवारच्या आकड्यावर कोणी मेल पाठवणार नाही. शेवटचे दोन दिवस फिकट रंगात दाखवणं हाही सोपा उपाय आहे. एडब्ल्यूएस आपल्या खर्चाच्या प्रोग्रामिंग उत्तरांत अशा आकड्यांसोबत `"Estimated": true` असं लिहून पाठवतं, म्हणजे हा अंदाज आहे, अंतिम नाही. डॅशबोर्ड बांधणारे ती खूण पहिल्याच दिवशी गाळून टाकतात. ती पडद्यापर्यंत पोहोचलेली मी क्वचितच पाहिली आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. आकडा बदलतो म्हणून लोक वैतागतात, आणि तंत्रज्ञ कधीकधी त्या वैतागावर असा इलाज करतात की आकडा बदलणंच बंद होतं. रात्रीचं एक काम लावायचं. रोज पहाटे सहाला ते चालतं, परवाच्या तारखेच्या सगळ्या ओळी मूळ तक्त्यातून उचलतं, बेरीज करून कंपनीच्या स्वतःच्या तक्त्यात टाकतं आणि त्या दिवसाकडे पुन्हा वळून पाहत नाही. डॅशबोर्ड या छोट्या तक्त्यावर चालतो, म्हणून झटकन उघडतो आणि एकदा दिसलेला आकडा कायम तोच राहतो. सगळे खूश.

आपल्या कंपनीत हे काम गुरुवारी पहाटे सहाला चाललं असतं तर 10 जूनचे साधारण साडेआठ हजार पकडले गेले असते. त्यानंतर आलेल्या नोंदी कायमच्या बाहेर राहिल्या असत्या, उणे ओळसुद्धा. दिवसाला पाचशे रुपयांची ही तूट. महिन्याला पंधरा हजार. ती पडद्यावर कधीच दिसत नाही, फक्त महिन्याच्या बिलात दिसते, आणि तेव्हा "बिल चुकीचं आलंय" अशी तक्रार होते. बदलणाऱ्या आकड्यापेक्षा मला हा स्थिर आकडा अधिक घाबरवतो.

हा आजार ओळखता येतो. कंपनीच्या तक्त्यातली महिन्याची बेरीज आणि आलेलं बिल शेजारी ठेवावं. आधी कर बाजूला काढावा. भारतातल्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि तो तक्त्यात `cost_type` या स्तंभात `tax` म्हणून वेगळा येतो, रोजच्या खर्चात मिसळलेला नसतो. मग उरलेला फरक सेवांप्रमाणे फोडावा. फरक सगळ्या सेवांत सारख्याच टक्क्याने असेल तर विनिमय दराकडे किंवा सवलतीकडे पाहावं. पण फरक दर महिन्याला एकाच बाजूला, म्हणजे आपली बेरीज कमी, आणि तोही नेटवर्कसारख्या सावकाश सेवांत एकवटलेला असेल, तर उशिरा आलेल्या नोंदी दाराबाहेर राहत आहेत असं समजावं. याचं एक जुळं भावंडही आहे. बिगक्वेरीच्या तक्त्याचे दिवसवार कप्पे `_PARTITIONTIME` प्रमाणे पाडलेले असतात, आणि ती तारीख ओळ येऊन पडल्याची असते, वापराची नाही. शोध स्वस्तात व्हावा म्हणून कोणी फक्त कालचा कप्पा उघडला, तर त्याला काल आलेल्या नोंदी मिळतात. त्यात परवाचे उशिरा आलेले रुपये असतात आणि कालचे उद्या येणारे नसतात. महिन्याची बेरीज जवळपास बरोबर येते, पण एकही दिवस आपल्या जागी नसतो.

इलाज अवघड नाही. रात्रीच्या कामाने फक्त परवाचा दिवस न उचलता मागचे काही दिवस पुन्हा मोजावेत आणि जुनी बेरीज बदलून नवी ठेवावी. किती दिवस मागे जायचं ते आधी काढलेल्या प्रमाणावरून ठरवावं. आपल्या कंपनीची शेवटची ओळ पाच दिवसांनी आली, तर सात दिवस मागे जाणं सुरक्षित. मग आकडे काही दिवस हलतील आणि त्यानंतर बसतील. पंधरा दिवसांनी आलेली एखादी ओळ तरीही निसटेलच, म्हणून महिन्याचं बिल आल्यावर तो संपूर्ण महिना एकदा नव्याने मोजावा. हा प्रश्न फक्त बिलांचा नाही. गूगलच्याच अभियंत्यांनी 2015 मध्ये डेटाफ्लो मॉडेलवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. घटना घडल्याची वेळ आणि ती यंत्रणेपर्यंत पोहोचल्याची वेळ वेगळी धरायची, आणि उशिरा येणाऱ्यांसाठी किती थांबायचं हे ज्याने-त्याने आपल्या गरजेनुसार ठरवायचं, असा त्याचा गाभा आहे. किती थांबायचं याचं सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर मिळत नाही, हे त्यात गृहीतच आहे.

महिनाअखेरीला मात्र थांबायला मुभा नसते, कारण बिल काढायचं असतं. जूनच्या 30 तारखेच्या काही नोंदी बिल तयार होईपर्यंत आल्याच नाहीत, तर गूगल त्या जुलैच्या बिलात टाकतं. तक्त्यात त्या ओळीची वापराची तारीख 30 जून राहते, पण `invoice.month` या स्तंभात `202507` दिसतं. त्यामुळे तंत्रज्ञाचा जून वापराच्या तारखेवर उभा असतो आणि अकाउंट्सचा जून बिलाच्या महिन्यावर. दोन्ही बेरजा बरोबर असतात आणि एकमेकींशी जुळत नाहीत. मॅडमनी भरलेल्या रकमेशी ताळा घालायचा असेल तर `invoice.month` धरावा. कुठल्या दिवशी खर्च का वाढला ते शोधायचं असेल तर वापराची तारीख. एडब्ल्यूएसच्या सविस्तर अहवालात बिल पक्कं होईपर्यंत `bill/InvoiceId` हा रकाना रिकामा असतो, आणि तोवर त्या महिन्याचे आकडे बदलू शकतात. परतावे, सवलती, वापरावर टक्क्याने लागणारं सपोर्टचं शुल्क हे सगळं महिना उलटल्यावरही येऊन बसतं. वर्षअखेरीचा हिशेब करणाऱ्याने तो रकाना आधी पाहावा.

या उशिराची खरी झळ अहवालात लागत नाही, ती बसते धोक्याच्या घंटेला. बहुतेक कंपन्या बजेट लावून ठेवतात: महिन्याचा खर्च अमुक रकमेपुढे गेला की ईमेल यावा. पण हा ईमेल बिलाच्या नोंदींवर चालतो. एडब्ल्यूएसमध्ये बजेटची माहिती दिवसातून तीनपर्यंत वेळा ताजी होते, साधारण आठ ते बारा तासांच्या अंतराने. गूगलकडे बजेट ओलांडल्याने सेवा आपोआप बंदही होत नाही. ते फक्त कळवण्यापुरतं असतं. शनिवारी रात्री एखादा बिघडलेला प्रोग्राम डेटाबेसला अखंड प्रश्न विचारत राहिला, तर पैसे त्याच क्षणापासून लागतात आणि घंटा रविवारी कधीतरी वाजते. त्यासाठी बिलाकडे न पाहता वापराच्या मीटरकडे पाहावं लागतं. यंत्रांवरचा भार, डेटाबेसला गेलेले प्रश्न, बाहेर गेलेला डेटा यांचे निरीक्षण-आकडे काही मिनिटांत दिसतात. त्यांना अजून दर लागलेला नसतो एवढंच. तिकीटवाल्या कंपनीने तासाला किती प्रश्न विचारले गेले यावर एक मर्यादा लावली, तर त्या रात्रीचा फोन तंत्रज्ञाला रात्रीच येईल. त्याची किंमत नेमकी किती झाली ते कळायला मात्र मंगळवार उजाडावा लागेल.